लंबकाचा वर्ग-आवर्तकाल आलेख

लंबकाचा वर्ग-आवर्तकाल आलेख : साध्या लंबकाची लांबी आणि त्याच्या आवर्तकालाचा वर्ग यांमधील संबंध दर्शविणारा आलेख. हा आलेख सरळ रेषा असतो व तिच्या उतारावरून गुरुत्वीय प्रवेगाचे मूल्य काढता येते. बारीक दोऱ्याला टांगलेला जड गोलक लहान कोनातून झुलत असता एका पूर्ण आंदोलनास लागणारा काल म्हणजे आवर्तकाल (T) होय. लंबकाची लांबी L व गुरुत्वीय प्रवेग g असल्यास T = २π√(L/g) हे सूत्र मिळते. त्याचा वर्ग केल्यास T² = (४π²/g)L असे रूप येते. T व L यांचा आलेख वक्र असतो आणि वक्राच्या आकारावरून g ठरविणे अवघड असते. T² व L यांचा आलेख मात्र सरळ रेषेचा असून तिचा उतार ४π²/g इतका असतो.

प्रत्येक लांबीसाठी g स्वतंत्रपणे काढून त्यांची सरासरी का घेऊ नये, असा प्रश्न येथे साहजिकच उद्‌भवतो. याचे उत्तर लांबीच्या मापनात आहे. सूत्रातील L ही आधारबिंदूपासून गोलकाच्या मध्यापर्यंतची लांबी होय. दोऱ्याची लांबी l मोजपट्टीने सहज मोजता येते. पण गोलकाची आकडी व गोलकाचा मध्य यांमुळे तीत d इतकी भर पडते आणि ती अचूक कळतेच असे नाही. ही भर सर्व निरीक्षणांत सारखीच असते. म्हणून T² = ml + md असे समीकरण मिळते; येथे m = ४π²/g. अज्ञात d मुळे रेषा केवळ वर सरकते, तिचा उतार बदलत नाही. सरासरीत मात्र ही त्रुटी तशीच राहते.

त्र्यंबकेश्वर (जि. नासिक) येथे असा प्रयोग केला, अशी कल्पना करून गणित पुढे दिले आहे. दोरा चिरलेल्या बुचात घट्ट धरलेला आहे. गोलक टांगलेला असतानाच दोऱ्याची लांबी बुचाच्या खालच्या कडेपासून आकडीपर्यंत मोजली आहे, कारण ताणामुळे दोरा किंचित लांबतो. आंदोलने गोलक मध्यस्थितीतून जाताना मोजली आहेत; तेथे त्याचा वेग सर्वाधिक असल्याने क्षण नेमका ठरविता येतो.

| दोऱ्याची लांबी l (मी.) | २० आंदोलनांचा काल (से.) | T (से.) | T² (से.²) |
|---|---|---|---|
| ०·४० | २६·० | १·३०० | १·६९० |
| ०·६० | ३१·७ | १·५८५ | २·५१२ |
| ०·८० | ३६·४ | १·८२० | ३·३१२ |
| १·०० | ४०·५ | २·०२५ | ४·१०१ |
| १·२० | ४४·४ | २·२२० | ४·९२८ |

प्रत्येक ओळीत l हीच लंबकाची लांबी मानून g काढल्यास अनुक्रमे ९·३४, ९·४३, ९·५४, ९·६३ व ९·६१ मी./से.² ही मूल्ये येतात. त्यांची सरासरी ९·५१ आहे. ही सर्व मूल्ये कमी आहेत, शिवाय ती लांबीबरोबर सर्वसाधारणपणे वाढत जातात. यादृच्छिक त्रुटींमुळे मूल्ये दोन्ही बाजूंस विखुरली असती. अशी एकाच दिशेची चढण हे लांबीत काहीतरी स्थिर भर राहून गेल्याचे लक्षण होय.

सर्वोत्तम रेषा काढण्यासाठी लघुतम वर्ग पद्धती वापरतात. बिंदूंपासून रेषेपर्यंतच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज जिच्यासाठी किमान होते ती रेषा सर्वोत्तम होय. अशी रेषा सरासरी बिंदूतून जाते; येथे तो l = ०·८० मी., T² = ३·३०९ से.² हा आहे. या बिंदूपासून लांबीची विचलने –०·४, –०·२, ०, ०·२ व ०·४ अशी आहेत. प्रत्येक विचलनाने त्या त्या T² ला गुणून केलेली बेरीज १·६१३ येते, तर विचलनांच्या वर्गांची बेरीज ०·४० आहे. म्हणून उतार m = १·६१३/०·४० = ४·०३ से.²/मी. आणि g = ३९·४८/४·०३ = ९·७९ मी./से.² होतो. बिंदू रेषेपासून ज्या प्रमाणात ढळतात त्यावरून उतारातील प्रमाणित त्रुटी सु. ०·४५ टक्के येते; म्हणजे g = ९·७९ ± ०·०४ मी./से.²

रेषा l = ० येथे T² च्या अक्षाला ०·०८३ से.² वर छेदते. या छेदाला उताराने भागल्यास d = ०·०२ मी., म्हणजे २ सेंमी. मिळते. गोलकाची त्रिज्या व आकडीची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजून हे मूल्य पडताळता येते. रेषा मूलबिंदूतून गेलीच पाहिजे असा आग्रह धरल्यास याच निरीक्षणांवरून g = ९·५७ इतका चुकीचा येतो.

तथापि रेषा सरळ आली म्हणजे उत्तर बरोबर, असे मात्र नव्हे. आंदोलने मोजताना पहिल्या क्षणी ‘शून्य’ न म्हणता ‘एक’ म्हटल्यास १९ आंदोलनांचा काल २० चा म्हणून नोंदला जातो. प्रत्येक T ५ टक्के कमी होतो; बिंदू तरीही रेषेवरच राहतात, छेद भागिले उतार हे गुणोत्तरही बदलत नाही, पण g सु. १०·८ येतो. मोजपट्टीच्या खुणांतील प्रमाणबद्ध दोषही असाच लपून राहतो. आंदोलनाचा कोन मोठा असल्यासही फरक पडतो : कोनीय परमप्रसर ५° असता T² सु. ०·१ टक्के, तर २०° असता सु. १·५ टक्के वाढतो. म्हणून कोन ५° च्या आत ठेवतात आणि गोलक लंबवर्तुळात फिरू लागल्यास ते निरीक्षण सोडून देतात.

त्र्यंबकेश्वर सु. २०° उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सु. ७२० मी. उंचीवर आहे. त्या अक्षांशावर समुद्रसपाटीस g चे सैद्धांतिक मूल्य ९·७८६ मी./से.² असते. उंचीमुळे, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर वाढल्यामुळे, ते सु. ०·००२ ने घटते. त्यामुळे तेथील मूल्य सु. ९·७८४ अपेक्षित आहे. वरील प्रयोगातील अनिश्चितता या घटीच्या सु. वीसपट असल्याने दोऱ्याच्या लंबकाने ही घट दिसू शकत नाही. समुद्रसपाटीवर अचूक लावलेले लंबकाचे घड्याळ मात्र केवळ या उंचीमुळे दिवसाला सु. १० सेकंद मागे पडेल. असे सूक्ष्म फरक एकच दृढ लंबक निरनिराळ्या ठिकाणी नेऊन व त्याच्या आवर्तकालांची तुलना करून मोजतात. कारण तेव्हा लांबी मोजण्याची गरजच उरत नाही. भारतीय सर्वेक्षणाने १८६५ पासून कॅप्टन जे. पी. बसेव्ही यांच्याकरवी अशी निरीक्षणे घेतली. हे काम चालू असतानाच १८७१ मध्ये लडाखमध्ये त्यांचा मृत्यू झाला.