तिसऱ्या लेव्हलला बंद पडणारा गेम

डावीकडून उजवीकडे गाडी पळवायचा एक साधा गेम घेऊ. चित्रं 1280 बाय 720 च्या चौकटीत काढलेली, ब्रेक डाव्या कोपऱ्यात आणि वेगाचं बटण उजव्या. बनवणाऱ्याच्या हातातला फोनही 16:9 चाच असल्यामुळे सगळं जागच्या जागी दिसतं.

आता हाच गेम 20:9 च्या लांबट फोनवर उघडा. उंची 720 च ठेवली तर रुंदी 1600 होते, म्हणजे दोन्ही बाजूंना 160 ची जागा वाढते. या फोनवाल्याला पुढचा खड्डा इतरांच्या आधी दिसतो. शर्यतीत हा अन्यायच. 4:3 च्या टॅबलेटवर उलटं होतं: रुंदी 960 उरते, दोन्ही कडा कापल्या जातात आणि बटणं गायब! म्हणून बटणं चित्राला न बांधता स्क्रीनच्या कडेला बांधायची, तीही कॅमेऱ्याची खाच सोडून. तपासताना फोन दोन्ही बाजूंनी आडवा करून पाहावा, कारण खाच कधी डावीकडे येते, कधी उजवीकडे.

एवढं कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरवरही कळतं. मेमरीचं दुखणं मात्र खऱ्या, जुन्या फोनशिवाय कळत नाही.

2048 बाय 2048 पिक्सेलचं एक चित्र न दाबता ठेवलं तर 16 एमबी जागा घेतं. ‘ईटीसी2’ पद्धतीने दाबलं तर 4 एमबी. अशी दहा चित्रं असली तर 40 एमबी, काहीच नाही. पण फक्त ओपनजीएल ईएस 2.0 जाणणाऱ्या जुन्या फोनला ईटीसी2 वाचता येत नाही. अशा वेळी युनिटीच्या जुन्या आवृत्त्या ती चित्रं उलगडूनच मेमरीत ठेवत. 40 चे 160 होतात. त्यात मागच्या लेव्हलची चित्रं मोकळी करायची राहिली असतील तर 1 जीबीच्या फोनवर तिसऱ्या लेव्हलपर्यंत जागा संपते आणि अँड्रॉइड गेमच बंद करून टाकतं. अनेकदा कसलीही सूचना येत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, आपलंच बोट कुठेतरी लागलं.

हे पकडायचं तर फोन केबलने कॉम्प्युटरला जोडून प्रत्येक लेव्हलनंतर ही आज्ञा द्यायची (शेवटी आपल्या गेमचं नाव):

```
adb shell dumpsys meminfo com.example.game
```

एकूण मेमरीचा आकडा लेव्हलगणिक चढतच गेला, मेनूत परतल्यावरही उतरला नाही, तर चित्रं कुठेतरी अडकून पडली आहेत. ती सोडवा, जुन्या फोनसाठी लहान चित्रांचा वेगळा संच द्या, आणि मग तोच फोन चार्जरला न लावता अर्धा तास सलग खेळवा. तापला की प्रोसेसर स्वतःच मंदावतो. पाच मिनिटांच्या चाचणीत हे दिसत नाही.

एवढं करूनही 1 जीबीवर गेम टिकत नसेल, तर प्ले कन्सोलमध्ये कमी रॅमचे फोन वगळायची सोय आहे, ती वापरा. गेम तिथे दिसलाच नाही तरी चालेल. डाउनलोडला डेटा खर्च करून तिसऱ्या लेव्हलला कुणी अडकू नये.