आडत्याची पट्टी आणि शेतीची वही

आडत्याकडून २३,००० रुपये आले, म्हणून तेवढीच विक्री लिहिणे ही नेहमीची चूक. समजा, २० क्विंटल कांदा १,८०० रुपये भावाने गेला. विक्री ३६,००० रुपयांचीच जमा करायची. पट्टीतली हमाली-तोलाई ९०० आणि गाडीभाडे २,१०० हे खर्च नावे पडतात. उरलेली १०,००० रुपयांची कपात आधी घेतलेल्या उचलीची. ती खर्च नव्हे, आडत्याचे देणे तेवढे फिटले. बँकेत २३,००० नावे टाकले की दोन्ही बाजू जुळतात. पैसे उशिरा मिळणार असतील, तर तोवर ही रक्कम आडत्याच्या नावे येणे दाखवावी. महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची आडत २०१६पासून खरेदीदाराकडून घेतली जाते. शेतकऱ्याच्या पट्टीत ती दिसली, तर मुकाट्याने खर्चात न टाकता बाजार समितीकडे विचारावे.