स्वतःच्याच खुणांवर थरथरणारं टूल

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत मशीन शॉपसमोरून जाताना कधीतरी आतून धातूची लांबलचक किंकाळी ऐकू येते. कापण्याचा नेहमीचा खरखराट वेगळा आणि हा आवाज वेगळा. शॉपमधली माणसं त्याला ‘चॅटर आला’ म्हणतात. जॉब हातात घेतला की त्याच्या अंगावर समान अंतरावर उमटलेल्या बारीक लाटा दिसतात. फिनिश गेलेलं असतं, इन्सर्टच्या धारेचे टवके उडालेले असतात आणि कधी कधी शंभर तासांचं काम असलेला जॉब भंगारात जातो.

हा आजार जुना आहे. कापण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्रेडरिक टेलरनं 1907 साली चॅटरला मशीनिस्टपुढचा सर्वांत गूढ आणि नाजूक प्रश्न म्हटलं होतं. त्याची नीट उकल व्हायला 1950 नंतरची वर्षं उजाडली. इंग्लंडमध्ये टोबायस आणि चेकोस्लोव्हाकियात ट्लुस्टी यांनी ती केली.

पहिली शंका येते ती मशीनवर. बेअरिंग गेलं असेल, कोलेट ढिलं असेल, फाउंडेशन हललं असेल. तसं असूही शकतं. पण अगदी ठणठणीत मशीनवरही चॅटर येतो, कारण त्याला बाहेरून धक्का देणारं कुणी लागतच नाही. लेथवर जॉब फिरतोय असं समजा. टूलला एका कडक कणाचा ठोका बसला आणि ते किंचित थरथरलं. त्या थरथरीची बारीक लाट जॉबवर कोरली गेली. पुढच्या फेऱ्यात टूल पुन्हा तिथंच येतं, पण आता त्याच्यासमोर सपाट पृष्ठभाग नसतो, आपलीच लाट असते. उंचवट्यावर जास्त धातू कापावा लागतो, खळग्यात कमी. म्हणजे जोर कमीजास्त होतो, टूल पुन्हा थरथरतं आणि नवी लाट कोरतं. मुरमाच्या रस्त्यावर एका गाडीच्या उसळीनं पडलेला उंचवटा पुढच्या गाडीला उसळवतो आणि काही दिवसांत सगळा रस्ता आडव्या लाटांचा होतो, तसंच हे. मिलिंगमध्ये फेऱ्याची वाटही पाहावी लागत नाही. एका दातानं सोडलेली लाट लगेच मागचा दात कापतो.

खरी गोम मात्र दोन लाटा एकमेकींवर कशा बसतात यात आहे. जुनी लाट आणि नवी लाट बरोबर जुळली, म्हणजे उंचवट्यासमोर उंचवटा आला, तर चिपची जाडी सगळीकडे सारखी राहते, जोर बदलत नाही आणि थरथर आपोआप विरते. त्या एकमेकींशी चुकल्या तर चिप जाड-पातळ होत जाते आणि थरथर वाढत जाते. लाटा कशा बसणार हे ठरतं स्पिंडलच्या आरपीएमवरून. म्हणूनच चॅटरवर आरपीएम हे सर्वांत स्वस्त औषध आहे. बहुतेक जण ते उलट्या दिशेनं घेतात, इतकंच.

आधी हा चॅटरच आहे याची खात्री करावी. आरपीएम थोडा बदलून आवाज ऐकावा. वाकडं फिरणारं कटर किंवा नुसते दातांचे ठोके असतील तर आवाजाची पट्टी आरपीएमबरोबर वरखाली होते. चॅटरची पट्टी जवळपास तिथंच राहते, कारण तो आवाज टूल आणि होल्डरच्या स्वतःच्या कंपनसंख्येचा असतो.

आता एक उदाहरण. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये पॉकेट काढायचंय. 12 मिमीचं, चार दातांचं कार्बाइड एंडमिल, 6000 आरपीएम, 3 मिमी डेप्थ, दर दाताला 0.05 मिमी फीड, म्हणजे मिनिटाला 1200 मिमी. मशीन किंचाळतंय. ऑपरेटरचा हात सवयीनं स्पीडच्या नॉबकडे जातो. तो 4500 करतो, चॅटर तसाच. मग डेप्थ 1 मिमीवर आणतो. आवाज थांबतो, पण काम साडेचार पटींहून जास्त वेळ खाणार असतं, हे आपल्याला पुढं दिसेलच.

त्याऐवजी मोबाइलवर आवाजाच्या पट्ट्या दाखवणारं एखादं फुकट अॅप उघडावं. 6000 आरपीएमला चार दात सेकंदाला 400 वेळा आदळतात, म्हणून 400, 800, 1200, 1600 हर्ट्झला सुळके दिसणं साहजिक आहे. पण 1400 वर एक उंच सुळका दिसला, तर तोच चोर. त्याचा यातल्या कशाशीच मेळ नाही. दोन दातांच्या मध्ये साडेतीन लाटा पडताहेत, म्हणजे लाटा चुकताहेत. आपल्याला हव्यात पूर्ण लाटा:

आरपीएम = 60 × 1400 ÷ (4 × 3) = 7000

इथं 4 म्हणजे दात आणि 3 म्हणजे दोन दातांमधल्या पूर्ण लाटा. 3 च्या जागी 2 घातले तर 10500 येतात. मशीन 8000 चं असेल तर 7000 घ्यायचे. दर दाताचा फीड तोच ठेवला की मिनिटाला 1400 मिमी होतात आणि डेप्थ 3 मिमीच राहते. हळू स्पीडला 1 मिमीनं गेलेल्या कामाशी याची तुलना केली की साडेचार पटींचा हिशेब लागतो. थोडा चॅटर उरलाच तर नव्या आवाजाची पट्टी घेऊन हेच गणित पुन्हा करावं.

याची एक किंमत आहे. पूर्ण लाटा बसवल्या की दातांचे ठोके टूलच्या स्वतःच्या कंपनाशी सूर धरतात. चॅटर थांबतो, पण टूल ठरावीक प्रमाणात डोलत राहतं आणि भिंतीच्या मापात फरक पडू शकतो. म्हणून हे स्पीड रफिंगला वापरावं. फिनिशिंगला त्याच्यापासून जरा बाजूला सरकावं.

दुसरं, टूल कोलेटमधून किती बाहेर काढलंय हे गणित मुकाट्यानं बदलतं. ओव्हरहँग 60 वरून 48 मिमी केला तर ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. हा फायदा मोठाच आहे, पण कंपनसंख्याही बदलते आणि कालचं 7000 आज चालत नाही. त्यामुळे सेटिंग शीटवर आरपीएमशेजारी ओव्हरहँग लिहिलेला नसेल, तर ती शीट अर्धीच. दातांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलेली एंडमिलही मिळतात. त्यांच्यात लाटांना एकच ताल सापडत नाही.

लेथवर मात्र आरपीएमची ही युक्ती फारशी चालत नाही. 600 आरपीएम म्हणजे सेकंदाला दहा फेरे. बोअरिंग बार 300 हर्ट्झला थरथरत असेल तर एका फेऱ्यात तीस लाटा पडतात. तिथं तीस की साडेतीस, यातलं अंतर आरपीएममध्ये दहाएवढंच आहे. तो चांगला स्पीड सापडला तरी टिकत नाही. काही सीएनसी लेथ आरपीएम सतत थोडा वरखाली करत राहतात, म्हणजे लाटांना घडी बसवायला वेळच मिळत नाही. तशी सोय नसेल तर खूप खाली उतरण्यात अर्थ आहे. हळू स्पीडला लाटा इतक्या जवळ पडतात की टूलची मागची बाजू त्यांच्यावर घासते आणि थरथर दाबते. स्टीलवर ‘स्पीड कमी कर’ हा जुना सल्ला म्हणून खरा ठरतो. वर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या उदाहरणात तो लागू पडत नाही.

बोअरिंगमध्ये खरी मदत बारच्या जाडीची. 20 मिमीऐवजी 25 मिमीचा बार बसला तर ताठपणा जवळपास अडीच पट होतो. स्टीलचा बार व्यासाच्या चौपट लांबीपर्यंत निभावतो, कार्बाइडचा साधारण सहापट. त्यापुढे आत वजन लोंबकळत ठेवलेले डँपिंगचे बार घ्यावे लागतात आणि ते महाग असतात. त्याआधी इन्सर्टचा नोज रेडियस 0.8 ऐवजी 0.4 करून पाहावा. डेप्थ रेडियसपेक्षा कमी असेल तर सगळा जोर बारला बाजूला ढकलण्यात जातो. आणि फीड घाबरून फार कमी करू नये. धार कापायचं सोडून घासू लागली की वेगळीच कटकट सुरू होते.