पंधरा रुपयांचा सातबारा

समजा, कल्याणला राहणाऱ्या एका शिक्षकाची साताऱ्याकडे वडिलोपार्जित जमीन आहे. गावी भावाला पीककर्ज काढायचे आहे आणि सोसायटीने ताजा सातबारा मागितला आहे. शिक्षक मोबाइलवर ‘सातबारा ऑनलाइन’ असे शोधतात. सगळ्यात वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरात लिहिलेला दुवा दिसतो. तिथे तिरंगी पट्टी, शेतकऱ्याचे छायाचित्र आणि फॉर्म असतो. ते दोनशे रुपये भरतात, काही वेळाने उतारा ईमेलवर येतो. भाऊ तो घेऊन सोसायटीत जातो, तर तिथला सचिव कागद परत करतो. या उताऱ्यावर डिजिटल सही नाही, हा फक्त माहितीसाठी आहे.

फसगत नेमकी इथे होते. उतारा खोटा नसतो. सरकारी संकेतस्थळावर जो कोणालाही फुकट पाहता येतो, तोच कोणीतरी उतरवून विकलेला असतो.

महाराष्ट्राच्या भूमी अभिलेखांचा फुकट दरवाजा bhulekh.mahabhumi.gov.in हा आहे. तिथे आधी विभाग, मग जिल्हा, तालुका आणि गाव निवडायचे. त्यानंतर गट क्रमांक किंवा नाव टाकायचे, मोबाइल क्रमांक द्यायचा आणि पडद्यावरची वेडीवाकडी अक्षरे तशीच टाइप करायची. सातबारा, आठ-अ, मालमत्ता पत्रक असे सगळे तिथे पाहता येते. जमिनीवर कोणाची नावे आहेत, बोजा चढला आहे का, वारसांची नोंद झाली का, एवढेच पाहायचे असेल तर याहून जास्त काही लागत नाही. नावाने शोधताना मात्र एक अडचण येते. अभिलेखात नाव जसे लिहिले आहे तसेच टाकावे लागते. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी गाठ पडत नाही, म्हणून घरातल्या जुन्या उताऱ्यावरून गट क्रमांक काढणे सोपे.

कर्जासाठी किंवा कोर्टकचेरीसाठी लागतो तो सहीचा उतारा. त्याचे संकेतस्थळ वेगळे: digitalsatbara.mahabhumi.gov.in. खात्यात पैसे भरायचे आणि दर उताऱ्याला १५ रुपये मोजायचे. या उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. सोसायटी किंवा बँक तो क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकून कागद खरा आहे की नाही हे स्वतः पाहू शकते. म्हणजे शिक्षकांनी दोनशे रुपये देऊन जे मिळवले नाही, ते १५ रुपयांत मिळाले असते. एखादा गट तिथे दिसलाच नाही, तर तलाठी कार्यालयात जाऊन चौकशी करायची. दोनशे रुपये घेणारी साइटही तो गट कुठून आणणार?

पत्ता ओळखायची रीत एकच आहे. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी पत्ता कशाने संपतो ते पाहायचे. तो ‘.gov.in’ किंवा ‘.nic.in’ ने संपायला हवा, कारण ही नावे फक्त सरकारी यंत्रणांना मिळतात. ‘.in’, ‘.org.in’ आणि ‘.com’ मात्र कोणीही विकत घेऊ शकतो. त्यामुळे bhulekh.mahabhumi.gov.in.example.com हा पत्ता सुरुवातीला ओळखीचा वाटला, तरी तो example.com चा आहे, सरकारचा नाही.

जन्माच्या दाखल्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. सातबाऱ्याची निदान नक्कल तरी खरी असते. जन्माचा दाखला मात्र ज्या हद्दीत मूल जन्मले तिथल्या निबंधकाशिवाय कोणालाच देता येत नाही: गावात ग्रामसेवक, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. इथेही घरोघरी एक गल्लत होते. बाळ तालुक्याच्या दवाखान्यात जन्मले असेल, तर त्याची नोंद त्या शहराच्या नगरपालिकेत असते. आईवडील आपल्या ग्रामपंचायतीत खेटे घालतात, नोंद सापडत नाही, आणि मग ‘दोन तासांत दाखला’ म्हणणारी साइट खरी वाटू लागते.

केंद्राचे जन्म-मृत्यू नोंदणीचे संकेतस्थळ dc.crsorgi.gov.in हे आहे. जन्म २१ दिवसांच्या आत कळवला तर नोंदणीला शुल्क नाही. त्यानंतर विलंब शुल्क लागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीमुळे, १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार आहे. त्यामुळे बनावट दाखला शाळेच्या दारात नव्हे, तर पुढे पारपत्राच्या वेळी उघडा पडला, तर निस्तरणे फार जड जाते.

हाती आलेला दाखला तपासायचा तर त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने उघडायचा. पडद्यावर माहिती बरोबर आली एवढ्यावर थांबायचे नाही, कारण बनावट दाखल्याचा कोडही बनावट साइटवर सगळी माहिती बरोबर दाखवू शकतो. वरचा पत्ता वाचायचा. तो ‘.gov.in’ ने संपत नसेल, तर दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि तारीख घेऊन थेट निबंधकाच्या कार्यालयात जायचे आणि नोंदवहीतले ते पान काढून पाहायला सांगायचे.