बारा हजारांत नक्की किती दिवस?

जानेवारीचा पहिला आठवडा लागला की शहरोशहरीच्या जिमच्या काउंटरवर एक हिशेब हमखास मांडला जातो. महिन्याची फी दोन हजार, म्हणजे वर्षाचे चोवीस. ऑफर चालू आहे, म्हणून फक्त बारा हजार. ‘दिवसाला तेहेतीस रुपये पडतात सर, एवढे तर चहा-वडापावला जातात!’ भागाकार अगदी बरोबर आहे. गोम आहे ती ३६५ या आकड्यात. जिमला रविवारी सुट्टी असली तरी पैसे मात्र सगळ्या दिवसांवर वाटून दाखवले जातात. खरं तर ते वाटायचे असतात आपण जाऊ त्या दिवसांवर.

आणि आपण किती दिवस जाऊ, याचा अंदाज माणसाला फारसा जमत नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांमधल्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारे सभासद सरासरी चार-सव्वाचार वेळाच येत होते. एक फेरी त्यांना सतरा डॉलरहून महाग पडत होती आणि त्याच क्लबात दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर ती दहा डॉलरमध्ये झाली असती. लोकांना ‘महिन्यातून किती वेळा जाल?’ असं विचारलं, तेव्हा सरासरी उत्तर मात्र साडेनऊचं आलं होतं.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी बारा हजार भरले. जानेवारीत ते १६ दिवस गेले, फेब्रुवारीत ११, मार्चअखेरच्या कामात ७. एप्रिलमध्ये लग्नसराई, फक्त २. मे महिना गावी. जूनमध्ये पुन्हा जोर आला, ४ दिवस. मग पाऊस, गणपती, दिवाळी. फराळ अंगावर आल्यावर नोव्हेंबरात ५, डिसेंबर कोरा. एकूण ४५ दिवस. म्हणजे एक दिवस २६७ रुपयांना पडला.

याच गृहस्थांनी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चची फी महिन्याच्या महिन्याला भरली असती, तर सहा हजार गेले असते. उरलेल्या ११ दिवसांसाठी दोनशे रुपयांचा एक दिवसाचा पास काढला असता, तर आणखी बावीसशे. एकूण ८,२०० रुपये, दिवसाला साधारण १८२. पन्नास टक्के सवलत घेऊन त्यांनी ३,८०० रुपये जास्त मोजले!

हिशेबाची मेख इथेच आहे. सवलत चोवीस हजारांवर मिळते खरी, पण ते चोवीस हजार हे गृहस्थ कधी भरणारच नव्हते. म्हणून बारा हजारांना दोन हजारांनी भागावं. उत्तर येतं सहा. महिन्याची फी भरण्याइतकी हजेरी सहापेक्षा जास्त महिने लागणार असेल, तरच वार्षिक सभासदत्व स्वस्त. जो बाराही महिने दहा-दहा दिवस जातो, त्याला एक दिवस शंभर रुपयांत पडतो आणि त्याने ही ऑफर डोळे झाकून घ्यावी. ‘आणखी चार हजार भरा, सहा महिने जादा’ हे आमिषही याच कसोटीवर घासून पाहावं. रिकाम्या महिन्यांत आणखी सहा रिकाम्या महिन्यांची भर पडली, तर दिवसाचा भाव उलट चढतो.

एकदम पैसे भरले की मन लावून जाऊ, अशी अनेकांची समजूत असते. ती काही आठवडे खरीही ठरते. गुरविल आणि सोमण या अभ्यासकांनी वर्षातून दोनदा फी घेणाऱ्या एका क्लबातली हजेरी पाहिली. पैसे भरल्यानंतर ती वाढायची, मग उतरत जायची आणि पुढचा हप्ता भरला की पुन्हा वर यायची. भरलेल्या पैशांची बोच जुनी होत जाते.

अमेरिकेतला एक धडा मात्र इथे जसाच्या तसा लावू नये. तिथल्या मासिक सभासदत्वाचे पैसे कार्डावरून आपोआप कापले जात. येणं बंद झाल्यावरही ते रद्द करायला लोकांना सरासरी दोन महिन्यांहून जास्त लागत. आपल्या गल्लीतल्या जिममध्ये मासिक फी दर वेळी स्वतः भरावी लागत असेल, तर दर महिन्याला थांबायची मुभा असते. ऑटो-पे चालू केलं, की ती मुभा गेली.

पैसे एकदा भरल्यावर मात्र हा भाव विसरावा. आज जायचं की नाही, हे ठरवताना पुढची फेरी फुकटच असते. हिशेब पुन्हा काढायचा तो नूतनीकरणाच्या वेळी. तेव्हा काउंटरवर आधी गेल्या वर्षाची आपली हजेरी मागावी, ‘ऑफर’ नंतर ऐकावी. नवख्याने दोन महिने सुटी फी भरून जावं आणि दुसऱ्या महिन्याची हजेरी मोजावी, कारण पहिल्या महिन्याचा उत्साह फसवा असतो. त्या दोन महिन्यांत ऑफर संपली, तरी बिघडत नाही. गुढीपाडव्याला दुसरी लागतेच.