मिथेनची ऊर्जा, आडवाटेने

इंदूरच्या देवगुराडिया इथे 2022 पासून ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार होतो. त्यातला मुख्य वायू मिथेन. कार्बन आणि हायड्रोजनपासून एक मोल मिथेन बनताना किती ऊर्जा बाहेर पडते, हे थेट मोजणं कठीण. अभिक्रिया मंद, शिवाय सोबत इतर हायड्रोकार्बनही बनतात. पण तिन्ही पदार्थ जाळून ज्वलनाची उष्णता मोजता येते. 1840 मध्ये हेसने दाखवलं, की एकूण उष्णता मार्गावर अवलंबून नसते.

ऊर्जा आकृतीत सर्वांत वर C + 2H₂ + 2O₂ ही रेघ काढा, तळाला CO₂ + 2H₂O. सरळ खाली उतरलं तर कार्बनचे −393.5 आणि हायड्रोजनचे 2 × (−285.8), मिळून −965.1 किलोज्यूल. मिथेनची (अधिक 2O₂ ची) रेघ तळापासून 890.3 वर आहे, कारण मिथेन जळताना तेवढीच उष्णता देतो. ते ज्वलन उलटं लिहायचं, म्हणून चिन्ह बदलतं: −965.1 + 890.3 = −74.8.

चूक बहुधा पाण्यात होते. वरचे आकडे द्रवरूप पाण्याचे आहेत. हायड्रोजनसाठी वाफेचा −241.8 घेतला आणि मिथेनचा आकडा तसाच ठेवला, तर उत्तर +13.2 येतं, म्हणजे मिथेनची रेघ मूलद्रव्यांच्याही वर जाते! वाफच घ्यायची असेल, तर मिथेनसाठीही −802.3 घ्या, उत्तर पुन्हा जवळपास −75 येईल.