एक तृतीयांशात काय उरलं पाहिजे?

आजचा विषय आहे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतल्या इंग्रजीच्या पेपरमधलं प्रेसी रायटिंग, म्हणजे उताऱ्याचा सारांश.

हा पेपर 300 गुणांचा असतो आणि त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण मिळवावेच लागतात. हे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत, म्हणून बरेच जण तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पण 75 गाठता आले नाहीत तर निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे पेपर कितीही चांगले गेले असले तरी ते विचारात घेतले जात नाहीत. सारांशाच्या एकट्या प्रश्नाला 75 गुण आहेत. सूचना मोजकी असते: उताऱ्याचा सुमारे एक तृतीयांश लांबीत सारांश लिहा, शीर्षक देऊ नका, भाषा तुमची स्वतःची असू द्या.

माझी भाची भोपाळला राहते आणि या परीक्षेची तयारी करते. तिला सरावासाठी मी मुद्दाम मराठीत एक उतारा लिहून दिला, कारण भाषा कुठलीही असली तरी कात्री तीच चालवायची असते. उतारा असा होता:

"दुष्काळी भागात पाऊस कमी पडला की लोक लगेच नवी बोअर मारायला घेतात. एकाने मारली की त्याचा शेजारी मारतो, मग त्याचा शेजारी, असे करत शिवारभर बोअर होतात. वास्तविक जमिनीखालचे पाणी सगळ्यांचे मिळून एकच असते. एकाने जास्त उपसले की दुसऱ्याच्या विहिरीची पातळी खाली जाते. त्यामुळे नव्या बोअरने पाणी वाढत नाही, ते फक्त एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. याचा अर्थ बोअर घेऊच नये असा नाही. जिथे पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवले जाते आणि किती उपसायचे हे गावकरी एकत्र बसून ठरवतात, तिथे बोअर उपयोगाची ठरते."

हे झाले 81 शब्द. त्याचा तिसरा हिस्सा 27. भाचीने लिहिलं:

"दुष्काळात लोक बोअर मारतात. एकाने मारली की शेजारी मारतो आणि शिवारभर बोअर होतात. जमिनीखालचे पाणी एकच असते. एकाने उपसले की दुसऱ्याचे कमी होते. म्हणून बोअर घेऊ नये."

"मामा, मोजून 27 शब्द आहेत. मग चुकलं कुठे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "शेवटचं वाक्य पुन्हा वाच. लेखक काय म्हणतोय आणि तू काय म्हणतेस?"

लेखकाने स्पष्ट लिहिलंय की बोअर घेऊच नये असा अर्थ नाही. भाचीच्या सारांशात नेमका तोच अर्थ लेखकाच्या तोंडी गेला. लांबी बरोबर आणि मत उलटं! हे का झालं, ते बघा. तिने वरून खाली वाचत प्रत्येक वाक्य थोडं थोडं छाटलं. पहिले 13 शब्द, म्हणजे जवळजवळ निम्मी जागा, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चित्रात गेली. शेवटी अट आली तेव्हा तिच्यासाठी जागाच उरली नव्हती. मग तिने ती गाळली आणि "म्हणून" लावून मोकळी झाली.

तर मंडळी, सारांश म्हणजे प्रत्येक वाक्याचा तिसरा हिस्सा नव्हे. प्रत्येक वाक्य उताऱ्यात कशासाठी आलंय, हे आधी ओळखावं लागतं. मी भाचीला समासात एकेक शब्द लिहायला सांगितला. पहिली दोन वाक्यं, चित्र. तिसरं आणि चौथं मिळून, कारण. पाचवं, दावा. सहावं आणि सातवं मिळून, अट. आता छाटणी सोपी होते. चित्र एका शब्दावर आणायचं. दावा, कारण आणि अट मात्र पूर्ण ठेवायचे. मग उतारा झाकायचा आणि समासातल्या टिपणावरून लिहायचं. उतारा समोर असला की त्यातलीच वाक्यं हाताखालून उतरतात. झाकला की भाषा आपोआप आपली होते. दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं:

"भूजल सामाईक असल्याने दुष्काळात प्रत्येकाने स्वतंत्र बोअर मारल्यास पाणी वाढत नाही, केवळ त्याची जागा बदलते, मात्र पुनर्भरण आणि उपशावर गावाचे सामूहिक नियंत्रण असेल तिथे बोअर उपयुक्त ठरते."

हेही 27 शब्दच आहेत. पण शेजाऱ्यांच्या साखळीचं काम "प्रत्येकाने" या एका शब्दाने केलं. "पावसाचे पाणी अडवून जमिनीत मुरवले जाते" याचं "पुनर्भरण" झालं. आणि "मात्र"पासून पुढे अट शाबूत राहिली.

इंग्रजीत हीच युक्ती जास्त उपयोगी पडते, कारण तिथे लांबलचक रचनेला बहुधा एखादा नेमका शब्द असतो. "द पीपल हू लिव्ह इन टाउन्स अँड सिटीज" हे आठ शब्द "अर्बन रेसिडेंट्स" या दोन शब्दांत येतात. "इन स्पाइट ऑफ द फॅक्ट दॅट" हे सहा शब्द एकट्या "ऑल्दो"मध्ये बसतात. पण काही छोट्या शब्दांना कात्री लावायची नाही: "सम", "मे", "ओन्ली", "अनलेस". "सम फार्मर्स" मधला "सम" गेला की काही शेतकऱ्यांबद्दलचं विधान सगळ्या शेतकऱ्यांवर जातं. "मे"च्या जागी "विल" आलं की शक्यतेची खात्री होते. एक शब्द वाचवण्याच्या नादात पूर्ण विधान खोटं ठरतं.

आता मोजणीचं. परीक्षेत अख्खा उतारा शब्द शब्द मोजत बसू नका. मधल्या तीन ओळींचे शब्द मोजा, सरासरी काढा आणि ओळींच्या संख्येने गुणा. समजा, ओळीत सरासरी 12 शब्द आणि ओळी 35, तर उतारा साधारण 420 शब्दांचा आणि सारांश 140 चा. आपल्या हस्ताक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात, हे घरीच बघून ठेवा. आठ बसत असतील तर साडेसतरा ओळी झाल्या. उत्तर सुरू करण्याआधी तिथे पेन्सिलीने हलकी खूण करा. अर्ध्या जागेत पोचलात आणि अजून पहिल्याच परिच्छेदात असाल, तर चित्रावर जास्त खर्च होतोय हे तिथल्या तिथे कळेल.

लिहून झाल्यावर एक तपासणी करा. मूळ उतारा बाजूला ठेवून फक्त आपला सारांश वाचा आणि स्वतःला विचारा: ज्याने उतारा पाहिलाच नाही, त्याला लेखकाचं मत यातून कळेल का? आणि मग उलट: लेखकाने हे वाचलं, तर तो "हो, मी हेच म्हटलं" असं म्हणेल का? भाचीच्या पहिल्या सारांशावर लेखक नक्कीच हरकत घेता.

तुम्हीही हाच 81 शब्दांचा उतारा घ्या, झाका, आणि आपला 27 शब्दांचा सारांश लिहून बघा. तो भाचीच्या सारांशापेक्षा वेगळा असेलच, आणि तसाच असायला हवा. फक्त त्यात अट राहिली आहे ना, तेवढं बघा.